‘हमखास पोस्ट’चा बोर्ड आणि पावतीची मागची बाजू

पुण्यात एमपीएससीचा क्लास लावायला निघालेल्या मुलांनी आणि फी भरणाऱ्या घरच्यांनी हे जरूर वाचावं. धाकट्या भावाचे ऐंशी हजार रुपये आम्ही ज्या बोर्डाच्या भरवशावर भरले, त्यावर तीसेक अधिकाऱ्यांचे फोटो होते आणि खाली ठळक ओळ: ‘हमखास पोस्ट, नाहीतर फी परत!’

भाऊ पूर्वपरीक्षाच पास झाला नाही. फी मागायला गेलो, तर काउंटरवरच्या माणसाने पावती उलटी करून पुढे सरकवली. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत अटी छापलेल्या: हजेरी नव्वद टक्के हवी, शिवाय टेस्ट सिरीजच्या प्रत्येक पेपरात साठ टक्के गुण. एवढे गुण दर पेपराला पडणाऱ्या मुलावर फी परत मागायची वेळ येईलच कशाला?

फोटोंचा प्रकार याहून संतापजनक. त्यातली एक मुलगी आमच्याच तालुक्यातली निघाली. ती म्हणाली, “दादा, मी तिथे एक दिवसही शिकले नाही. मुख्य परीक्षा पास झाल्यावर त्यांनी फुकटात अभिरूप मुलाखत घेतली. तेव्हाच फोटो घेतला आणि फॉर्मवर सही.” तिचा तोच फोटो त्याच गल्लीत आणखी दोन क्लासच्या बोर्डांवर आहे. एकच चेहरा दोन-तीन ठिकाणी दिसला की समजावं, तिथे बहुधा फक्त मुलाखतीची तयारी झालेली आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. निवडीची हमी देता येत नाही. फोटोसोबत रँक, कोर्सचं नाव, त्याचा कालावधी आणि फी भरली होती का, हे लिहावं लागतं. फोटो वापरायची लेखी परवानगीही निवड झाल्यानंतरच घ्यायची. बोर्डाचा फोटो आणि पावतीच्या दोन्ही बाजू जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना आम्हाला त्याच लागल्या.

हे सगळं ऐकून, तालुक्याला क्लास चालवणाऱ्या ओळखीच्या सरांनी त्यांच्या निकालाच्या बोर्डासाठी मला ओळ मागितली. त्यांच्या मसुद्यात ‘शंभर टक्के यश’ होतं, ते आधी खोडलं. मी दिलेली ओळ अशी:

‘शिकवणं आमचं, अभ्यास तुमचा, निकाल लागला तसा सांगू.’

पण नुसत्या ओळीने भागत नाही. तिच्याखाली बॅचला किती जण होते, हे आलंच पाहिजे. वीस जण लागले म्हटलं, तर ते साठातले की पंधराशेतले, यावर सगळं अवलंबून आहे.

सर जरा अडखळले. “साठातले दोनच लागलेत. हे छापायचं?”

“छापा,” म्हटलं, “आणि दोघांच्या नावापुढे ‘पूर्ण वर्षाची बॅच, फी भरून’ हेही लिहा. आमच्या भावाला असा बोर्ड दिसला असता, तर घरी बसून नीट विचार करता आला असता.”

त्यांनी तसाच छापलाय.