एक कारण की दोन? रक्ताच्या एका रिपोर्टवरून

समजा, पुण्यातली चाळिशीची एक शाकाहारी बाई आहे. जिना चढताना धाप लागते आणि गेले काही महिने तळपायांना मुंग्या येतात. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८.९ आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ९. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, ८४. हा आकडा ८० ते १०० मध्ये असला की नॉर्मल धरतात.

यावर दोन उत्तरं समोर येतात. पहिलं साधं: अंगावरून जास्त जातं, म्हणून लोह कमी झालं, लोहाच्या गोळ्या सुरू करा. दुसरं जरा अवघड: लोह कमी आहेच, पण बी-१२ सुद्धा कमी आहे.

पहिल्याच्या बाजूने चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकमच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व उभं राहतं: गरजेपेक्षा जास्त कारणं मानू नयेत. दुसऱ्याच्या बाजूने जॉन हिकम या अमेरिकी डॉक्टरांचं म्हणणं सांगतात: एका रुग्णाला हवे तितके आजार एकाच वेळी असू शकतात. माझ्या मते या दोघांत खरं भांडण नाही. ऑकमच्या वाक्यात वजन आहे ते ‘गरजेपेक्षा’ या शब्दाला, आणि नेमका तोच शब्द घाईत गळून जातो.

म्हणून आधी पाहायचं ते हे, की साध्या उत्तरात काय बसत नाही. केवळ लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन इतकं उतरलं असेल, तर पेशी लहान व्हायला हव्यात. एमसीव्ही सहसा सत्तरीत किंवा त्याखाली जातो. इथे तो ८४ आहे. शिवाय पायांच्या मुंग्यांचं कारण या उत्तरातून मिळत नाही.

हा ८४ आला कुठून? लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या. ढोबळ हिशेब करू: अर्ध्या पेशी ७० च्या आणि अर्ध्या ९८ च्या असतील, तर सरासरी ८४ च येईल. दोन बिघाडांनी एकमेकांना झाकलं आणि आकडा नॉर्मल दिसला. हे उघडं पाडतो तो शेजारचा आकडा, आरडीडब्ल्यू. पेशींच्या आकारांत किती फरक आहे ते तो सांगतो. साधारण १४.५ पर्यंत ठीक मानतात; या बाईचा समजा १९ आहे. केवळ लोह कमी असलं तरी आरडीडब्ल्यू वाढतो, म्हणून तो एकटा पुरावा होत नाही. स्लाइडवर लहान आणि मोठ्या पेशी शेजारी-शेजारी दिसल्या आणि पाचापेक्षा जास्त खंडांचं केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशी सापडल्या, तर मात्र बी-१२ किंवा फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिड, यांच्या कमतरतेकडे बोट जातं.

‘दोन कमतरता एकदम कशा असतील?’ हा आक्षेप इथे फारसा टिकत नाही. पुण्यात केईएमच्या संशोधकांना मध्यमवयीन पुरुषांतसुद्धा सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी आढळलं होतं. दोन्ही गोष्टी जिथे घरोघरी आहेत, तिथे त्या एकत्र असणं हे एखाद्या दुर्मीळ आजारापेक्षा कितीतरी संभवनीय आहे. कारणांची संख्या कमी म्हणजे शक्यता जास्त, असं होत नाही.

चुकीची निवड केली तर काय होतं? नुसतं लोह दिलं की हिमोग्लोबिन थोडं चढतं आणि अडतं, आणि एमसीव्ही शंभराकडे सरकू लागतो. लोहाच्या गोळीत फॉलिक ॲसिड असलं तर धोका अधिक: त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-१२ अभावी नसांची हानी आतून चालूच राहते.

उलट, हीच बाई मासे-अंडी खाणारी असती, मुंग्या नसत्या आणि एमसीव्ही ६८ असता, तर मी पहिलंच उत्तर निवडलं असतं. लोह सुरू करून चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वाढलं, तर निदान बरोबर. वाढलं नाही, तर दुसरं कारण शोधायचं.

एक तिसरी शक्यताही आहे, आणि ती दोन्ही बाजू जुळवते. जठराचं अस्तर झिजलं असेल तर आम्ल कमी पडून लोह शोषलं जात नाही, आणि बी-१२ शोषायला लागणारं प्रथिनही तिथे तयार होत नाही. कमतरता दोन, कारण एक. म्हणून वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगा. तीही दोन्हींचं शोषण कमी करू शकते.

या बाईसाठी मी दोन कारणं धरून चालेन आणि बी-१२ तपासायला सांगेन. रक्त मात्र इंजेक्शन घेण्याआधी द्यायचं. नंतर आकडा वर जातो आणि आधी कमतरता होती की नव्हती, हे त्यावरून कळत नाही.