आलेखाची डावी कड कापलेली होती

चाकणच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. रोज मायक्रॉनमधलं मोजमाप करणारा माणूस एका कागदावरच्या आलेखाने कसा फसला, हे सांगायला लाज वाटते. पण तोच आलेख अजून लोकांना दाखवला जातोय, म्हणून लिहितो.

2025 च्या फेब्रुवारीत मेहुण्याबरोबर कर्वे रस्त्यावरच्या एका ऑप्शन क्लासला गेलो. शनिवारची बॅच, फी 28,000 रुपये. शिकवणारा मुलगा तिशीचा, बोलणं गोड. खातंही त्याच्याच लिंकवरून उघडायला लावलं. आमच्या ब्रोकरेजमधला वाटा त्याला मिळतो हे फार उशिरा कळलं. तिसऱ्या शनिवारी त्याने फळ्यावर ‘जेड लिझर्ड’ असं लिहिलं आणि म्हणाला, “काका, यात वरच्या बाजूला धोकाच नाही. शून्य.”

हे वाक्य खरं होतं. फसवणूक तिथे नव्हती, म्हणून ती ओळखता आली नाही.

रचना अशी असते. ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क म्हणजे पुट, विकत घेण्याचा हक्क म्हणजे कॉल, आणि तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक. बाजाराच्या खालचा एक पुट विकायचा, बाजाराच्या वरचा एक कॉल विकायचा आणि त्याच्याही वरचा एक कॉल विकत घ्यायचा. आम्ही 3 एप्रिलला, निफ्टी 23,250 च्या आसपास असताना, 24 एप्रिलच्या एक्स्पायरीचा, म्हणजे त्या दिवशी मुदत संपणारा, सौदा केला. 22,900 चा पुट 150 ला विकला, 23,600 चा कॉल 185 ला विकला, 23,800 चा कॉल 123 ला घेतला. कॉलच्या जोडीतून 62 आले, पुटचे 150, असं एकूण 212 पॉइंटचं क्रेडिट हातात.

आता निफ्टी कितीही वर गेला असं धरा. विकलेल्या कॉलवर तोटा वाढत जातो, पण 23,800 च्या पुढे घेतलेला कॉल तेवढाच कमावतो. म्हणजे एक्स्पायरीला कॉलच्या जोडीवर जास्तीत जास्त तोटा दोन स्ट्राइकमधल्या अंतराएवढा, 200 चा. पुट तर शून्य होतो. हातात आलेले 212, गेले 200, उरले 12. निफ्टी 24,000 ला जावो की 30,000 ला, बारा उरणारच. एकूण क्रेडिट कॉलच्या अंतरापेक्षा जास्त हवं, एवढीच अट. ते 190 च मिळालं असतं तर वर गेल्यावर 10 चा तोटा झाला असता, आणि त्याला मग नाव काहीही द्या, वर धोका आहेच. एक्स्पायरीच्या आधी, मध्येच जोराची तेजी आली तर स्क्रीनवर थोडा तोटा दिसूही शकतो. हिशेब शेवटच्या दिवसाचा आहे.

मार्चच्या मध्यात त्याने असाच एक सौदा दिला होता. निफ्टी तेव्हा 22,400 च्या जवळ होता, आणि पुढच्या आठवड्यात असा सुटला की आमचे दोन्ही कॉल मागे टाकून गेला. तरी खात्यात थोडे पैसे उरले. आमचा विश्वास तिथेच बसला.

मला जे विचारायला हवं होतं ते असं, की वरची ही सुरक्षा येते कुठून? कॉलच्या जोडीतून फक्त 62 आले होते आणि धोका 200 चा होता. उरलेलं छिद्र पुटच्या 150 नी बुजवलं. निर्देशांकाच्या पुटला भाव चांगला मिळतो, कारण पडझडीच्या भीतीने लोक तो विम्यासारखा विकत घेतात. म्हणजे वरचा धोका नाहीसा होतो तो खालचा विमा आपण दुसऱ्याला विकतो म्हणून. विमा कंपनी आपण, आणि भांडवल पगारातलं.

आता त्या आलेखाविषयी. त्याने दिलेल्या छापील कागदावर नफ्याची रेघ मध्ये उंच, सपाट, 212 वर. उजवीकडे 23,600 पासून उतरत 23,800 ला 12 वर येऊन पुन्हा सपाट. डावीकडे 22,900 पासून तशीच उतरत 12 वर येते, आणि तिथे कागद संपतो. आडव्या अक्षाची सुरुवात 22,700 पासून होती. दोन्ही खांदे सारखे, सगळा भाग हिरवा. देवळाच्या कमानीसारखं दिसत होतं.

शून्याची रेघ ओलांडली जाते तो बिंदू, पुटच्या स्ट्राइकमधून क्रेडिट वजा करून येणारा, 22,688 होता. कागद त्याच्या 12 पॉइंट आधी कापला होता. उजवीकडची रेघ सपाट होते कारण तिथे घेतलेला कॉल आहे. डावीकडे घेतलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे ती तशीच उतरत राहणार, प्रत्येक पॉइंटला एक पॉइंट. हा योगायोग नाही. एवढा नेमका काप चुकून पडत नाही, हे मी तरी सांगू शकतो.

4 एप्रिलला, शुक्रवारी, निफ्टी 22,904 वर बंद झाला, आमच्या पुटच्या अगदी उंबऱ्यावर. ग्रुपवर मी विचारलं, बाहेर पडू का? उत्तर आलं, “काका, स्ट्राइक तुटलेली नाही. वेळ आपल्या बाजूने आहे.” त्या रात्री आयातशुल्काच्या धास्तीने अमेरिकेचा बाजार सुमारे सहा टक्के कोसळला. रविवारी रामनवमी होती. घरी सुंठवडा वाटत होतो आणि डोकं दुसरीकडेच.

सोमवारी 7 एप्रिलला निफ्टी 21,758 ला उघडला. जवळजवळ 1,150 पॉइंट खाली, मध्ये एकही सौदा नाही. स्टॉपलॉस लावला असता तरी तो या खड्ड्याच्या तळाशीच लागला असता. माझे दोन लॉट होते, म्हणजे 150 नग. एका लॉटला दोन लाखांच्या आसपास मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडची अनामत, अडकलेलं, खात्यात बाकी फारसं काही नाही. मार्जिन कमी पडलं आणि ब्रोकरने सुरुवातीच्या काही मिनिटांतच सौदा कापला. पुट 1,180 ला परत घेतला गेला. कॉलची जोडी तोवर कवडीमोल झालेली, म्हणजे तिचे 62 पूर्ण मिळाले, पण त्याने काय होणार? 1,180 वजा 212, म्हणजे 968 पॉइंट. गुणिले 150. एक लाख पंचेचाळीस हजार दोनशे.

यातली चीड आणणारी गोष्ट पुढची आहे. बाजार सावरला आणि 24 एप्रिलला निफ्टी 24,200 च्या वर बंद झाला, दोन्ही कॉलच्या पलीकडे. मार्जिनला पुरेल एवढे पैसे असते आणि मी तग धरली असती, तर मला ते 12 पॉइंट मिळाले असते. दोन लॉटचे 1,800 रुपये, त्यातून ब्रोकरेज आणि कर वजा.

त्याला पूर्ण आलेख मागितला. म्हणाला, “मी सल्ला देत नाही काका, मी फक्त शिकवतो.” नोंदणी शोधली. सल्लागाराचा सेबी क्रमांक INA ने आणि संशोधन विश्लेषकाचा INH ने सुरू होतो, आणि सेबीच्या संकेतस्थळावर नावाने तपासता येतो. त्याचं नाव दोन्ही याद्यांत नव्हतं. जानेवारी 2025 च्या सेबीच्या खुलाशानुसार नुसतं शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले भावसुद्धा वापरायचे नव्हते. हा आम्हाला त्याच दिवशीच्या स्ट्राइक देत होता. दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं.

नंतर मी त्याच्याच कागदाला डावीकडे आलेखाचे कागद चिकटवले आणि त्याच मापाने रेघ पुढे ओढली. 22,700 ते 23,800 चा त्याचा पट्टा एक वीत होता. सोमवारच्या भावापर्यंत पोचायला डावीकडे जवळजवळ आणखी एक वीत लागली, आणि खाली तर रेघ टेबलावरून उतरली.

जूनमध्ये मेहुण्याने नव्या बॅचच्या जाहिरातीचा फोटो पाठवला. आकडे नवे आहेत. आलेख अजून पुटच्या स्ट्राइकच्या जरा डावीकडेच संपतो.