स्वतःचा ब्रोकर न चालवता एसक्यूएस घेतली: सात महिन्यांनंतर एडीआर पुन्हा वाचताना

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर चालवणारी चार जणांची टीम. बिलाची पीडीएफ बनवून मेल करणं बॅकग्राउंडला टाकायचं होतं. त्यासाठी कामांचे मेसेज रांगेत ठेवणारा रॅबिटएमक्यू हा ब्रोकर स्वतः चालवायचा की अ‍ॅमेझॉनची एसक्यूएस घ्यायची, हे ठरवताना दीड पानी एडीआर, म्हणजे तांत्रिक निर्णय आणि त्यामागची कारणं टिपणारी नोंद, लिहिला गेला.

रॅबिटएमक्यू कमी पडतो, असं त्यात कुठेही नाही. एक मशीन बंद पडलं तरी क्यू चालू राहायला हवी असेल, तर मेसेजच्या प्रती अनेक मशीनवर ठेवणाऱ्या कोरम क्यूसाठी किमान तीन नोड लागतात. शिवाय डिस्कवरची मोकळी जागा मर्यादेखाली गेली की ब्रोकर मेसेज पाठवणाऱ्यांना थोपवतो. प्रोसेस चालू दिसते, बिलं मात्र अडकतात. रात्री हे कोण बघणार, याला चौघांत उत्तर नव्हतं. खरं कारण हेच, आणि ते सरळ लिहिलंय हे या नोंदीचं बळ.

‘परिणाम’ हा भाग मात्र तोकडा पडला. ‘मेसेज दोनदा येऊ शकतो’ एवढीच ओळ होती. वर्करने मेसेज उचलला की तो इतरांना ठरावीक वेळच दिसेनासा होतो. हा व्हिजिबिलिटी टाइमआउट डीफॉल्टने 30 सेकंदांचा असतो. डिझाइनचे फोटो जोडलेलं मोठं बिल बनायला 45 सेकंद लागले. तिसाव्या सेकंदाला मेसेज पुन्हा दिसू लागला, दुसऱ्या वर्करने तो उचलला आणि व्यापाऱ्याला एकाच बिलाचे दोन मेल गेले. लॉगमध्ये एरर नाही, कारण दोघांनीही काम नीटच केलं होतं. खूण एकच: मेसेज किती वेळा उचलला गेला ते सांगणारा `ApproximateReceiveCount` 1 च्या वर गेलेला.

```
aws sqs set-queue-attributes --queue-url "$Q" \
  --attributes VisibilityTimeout=180,ReceiveMessageWaitTimeSeconds=20
```

फक्त वेळ वाढवून भागत नाही. वर्कर मध्येच पडला, तर तो मेसेज आता तीन मिनिटांपर्यंत अडकून राहतो. म्हणून डेटाबेसमध्ये बिल क्रमांकापुढे ‘मेल गेला’ अशी नोंद होते, आणि वर्कर ती आधी तपासतो. मेल गेल्यावर पण नोंद व्हायच्या आत वर्कर पडला तर दुसरा मेल जाईलच. बिल न पोचण्यापेक्षा दोनदा पोचलेलं बरं.

त्याच कमांडमधल्या 20 सेकंदांच्या लाँग पोलिंगने, म्हणजे क्यू रिकामी असली तर एकाच विनंतीत तेवढा वेळ वाट बघण्याने, खर्च आटोक्यात राहतो. रिकाम्या क्यूवर एक वर्कर महिन्याला साधारण 1.3 लाख विनंत्या करतो. दर सेकंदाला विचारत बसला तर त्याच 26 लाखांजवळ जातात. पहिल्या 10 लाख फुकट असतात.

एडीआरमध्ये आता एक ओळ वाढवली आहे, पुन्हा पुन्हा फसलेले मेसेज बाजूला ठेवणाऱ्या डेड लेटर क्यूसाठी. स्टँडर्ड क्यूमधून मेसेज तिकडे गेला तरी त्याचं वय मूळ क्यूत आल्यापासूनच मोजलं जातं. मेसेज ठेवण्याची मुदत दोन्हीकडे डीफॉल्ट 4 दिवस ठेवली आणि मेसेज तिसऱ्या दिवशी तिकडे गेला, तर तपासायला एकच दिवस उरतो. तिथली मुदत 14 दिवस ठेवायची.