सात महिने इंकस्केप वापरून: गच्चीवरचा एक फोटो आणि महालचा नकाशा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गणपती मंडळाच्या स्मरणिकेत मागच्या पानावर मोहल्ल्याचा चित्रातला नकाशा टाकायचा असं फेब्रुवारीत ठरलं, आणि मी एकदा बायकोच्या भावाच्या लग्नपत्रिकेवर हॉलचा रस्ता काढून दिला होता म्हणून ते काम माझ्याच गळ्यात पडलं. ऑगस्टमध्ये छापून झालं. सात महिन्यांत इंकस्केपवर बसून जे कळलं ते लिहून राहिलो, कारण सुरुवातीला मला असं सविस्तर कोणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने तरी वाचले असते.

आधी सॉफ्टवेअरबद्दल. इंकस्केप हे रेषांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर चालते, खूप नोड, म्हणजे रेषांवरचे बिंदू, झाले की दम टाकते पण बंद पडलं फक्त दोनदा. खरी गोष्ट अशी की माझा वेळ सॉफ्टवेअरने नाही खाल्ला, फोटोने खाल्ला.

फोटो घेतला गांधीसागर तलावाजवळच्या एका बारा मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून, सकाळी, मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्याने (वाइड लेन्स मुद्दाम नाही वापरली, तिच्यात कडेच्या सरळ रेषा वाकतात). ड्रोनच्या परवानगीच्या भानगडीत पडायचंच नव्हतं. फोटो एवढा भारी आला की वाटलं आता काय, वरून गिरवलं की झाला नकाशा.

पहिला आठवडा Trace Bitmap मध्ये गेला. बटण दाबलं की फोटोचा आपोआप व्हेक्टर, म्हणजे रेषांचा आकार, होतो हे खरं आहे, पण त्याला गल्ली आणि सावली यातला फरक थोडीच कळते. त्याने झाडं, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, सगळ्याचे काळे-पांढरे डाग करून दिले आणि हजारो नोड टाकले. लोगो किंवा स्वच्छ शाईचं चित्र असेल तर ते टूल कामाचं, मोहल्ल्याच्या फोटोवर नाही.

मग डोक्यात आलं की फोटो तिरपा आहे, तो आधी सरळ केला पाहिजे, म्हणजे डोक्यावरून पाहिल्यासारखा. इंकस्केपमध्ये पर्स्पेक्टिव्हचं एक्सटेन्शन आहे पण ते पाथवर, म्हणजे काढलेल्या रेषांवर चालते, फोटोवर नाही. म्हणून क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर टाकलं, तेही फुकट. त्यातल्या Georeferencer मध्ये फोटोतला एक बिंदू आणि नकाशातला तोच बिंदू अशा जोड्या द्यायच्या आणि Projective निवडायचं, त्याला कमीत कमी चार जोड्या लागतात. मी बरोबर चार दिल्या, त्याने एरर शून्य दाखवला, मी खूश!

आता इथेच मी फसलो, म्हणून जरा नीट सांगतो. चार जोड्यांवर एरर शून्य येणारच, कारण त्या गणितात आठ अनोळखी संख्या असतात आणि चार बिंदूंचे आठ आकडे त्यांना तंतोतंत बसतात, मग बिंदू चुकीचे का असेनात. सहा-सात जोड्या द्या, तेव्हा ते एरर दाखवायला लागते आणि कोणता बिंदू खोटा बोलून राहिला ते दिसते. माझे दोन बिंदू खोटेच होते, एक पाण्याची टाकी आणि एक गच्चीचा कोपरा. हे गणित एकाच सपाट पातळीला लागू होते, म्हणजे आपल्यासाठी जमिनीला, आणि टाकी काही जमिनीवर नसते. मग तलावाच्या कठड्याचे कोपरे, डिव्हायडरचं टोक, अशा जमिनीला टेकलेल्या गोष्टी घेतल्या. फोटोचा वरचा भागही कापून टाकला, कारण क्षितिजाकडचे पिक्सेल सरळ करताना च्युइंगमसारखे ताणल्या जातात.

एवढं करून गल्ल्या गिरवल्या, प्रिंट काढली आणि रविवारी पायी चेक करायला गेलो. एक गल्ली नकाशात घरांच्या रांगेच्या मागे होती, प्रत्यक्षात ती पुढे. अन् ज्याला मी गल्ली समजून पिवळी पट्टी ओढली होती ती मुळी दोन घरांच्या गच्च्यांमधली फट निघाली. मी तिथेच कपाळाला हात लावला.

घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा उजेड पडला. बारा मजले म्हणजे कॅमेरा साधारण 36 मीटर उंच धरा. समोर 120 मीटरवर एक 9 मीटर उंच घर आहे. कॅमेऱ्यातून त्याच्या गच्चीच्या काठावरून जाणारी नजर जमिनीला कुठे टेकते? 120 गुणिले 36 भागिले 27, म्हणजे 160 मीटरवर. तर फोटो जमिनीच्या हिशोबाने सरळ केला की त्या घराचा पाया 120 वर राहतो आणि गच्ची 160 वर जाऊन पडते, अख्खं घर कॅमेऱ्यापासून उलट दिशेला 40 मीटर आडवं लोळते. आणि मधली जमीन फोटोत दिसतच नाही, तिथे घर आडवं आलेलं असते. महालातल्या गल्ल्या काही ठिकाणी तीन मीटरही नाहीत, त्या 40 मीटरच्या आडोशात एक सोडून दोन-तीन गल्ल्या गडप होतात. म्हणजे मी जे गिरवलं होतं त्यातलं अर्ध्याहून जास्त गच्च्यांचं जंगल होतं, रस्ते नव्हतेच.

ओळखायची खूण सोपी आहे. सरळ केलेल्या फोटोत विजेचे खांब आणि भिंती सगळ्या एका बिंदूपासून बाहेर पळाल्यासारख्या कललेल्या दिसतात, तो बिंदू म्हणजे तुम्ही उभे होता ती जागा. असं दिसलं की गच्चीला हात लावायचा नाही, भिंत जमिनीला टेकते तिथेच रेष, आणि टेकलेली दिसतच नसेल तर तो रस्ता फोटोतून काढायचाच नाही. ज्यांना बरोबर डोक्यावरून घेतलेला फोटो मिळते त्यांचा हा त्रास खूप कमी होतो, कारण फ्रेमच्या मधोमध घरं कलतच नाहीत, कडेला थोडी कलतात.

मग पद्धतच बदलली. रस्त्यांचा सांगाडा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून घेतला (छापताना © OpenStreetMap contributors लिहावं लागते, ते विसरू नका), जिथे शंका तिथे पायी फिरलो. फोटो ठेवला फक्त रूपासाठी: कुठे दाट झाडी, कुठे कौलारू छप्पर, तलावाच्या मधलं बेट कसं दिसते. इंकस्केपमध्ये फोटो सगळ्यात खालच्या लेयरवर, ओपॅसिटी कमी आणि लेयर लॉक. लॉक नाही केला तर दर दोन मिनिटांनी फोटोच सरकते आणि जिवाला घोर.

रस्ते सोपे करणं हा मला सगळ्यात आवडलेला भाग. नागपूर सुधार प्रन्यासच्या ले-आऊटमध्ये राहणाऱ्यांना हे पाच मिनिटांचं काम वाटेल, तिकडे चौकटच असते. महालात गल्ली दर वीस पावलांवर अंग चोरते. मी ठरवलं, रेषा फक्त आडव्या, उभ्या नाहीतर 45 अंशात. पेनने काढताना Ctrl दाबलं की रेष ठरावीक कोनांवर अडकते, मुळात 15 अंशांवर, सेटिंगमध्ये जाऊन 45 केलं. मोजल्या तर 31 गल्ल्या होत्या, 14 ठेवल्या. नियम एकच, ज्या गल्लीत पाहुण्याला वळावं लागते ती राहील, बाकी कितीही जुनी असो, गेली. याच्यावर मंडळात भांडण झालं, कारण खजिनदार काकांची गल्ली गेली होती! ती नंतर ठेवावी लागली, तर 15 म्हणा.

पण 45 च्या हट्टाने एक घोळ केला. एका ठिकाणी रस्त्याला दोन फाटे फुटतात, दोन्ही साधारण सारख्याच तिरप्या कोनात. मी सोय म्हणून उजवा फाटा सरळ काढला आणि डावा 45 मध्ये. अमरावतीहून आत्या आल्या होत्या, त्यांना कच्चा नकाशा देऊन गांधी गेटपासून घरी एकट्या या म्हटलं, मी मागून चालत होतो. फाट्यावर त्या डावीकडे गेल्या. विचारलं काऊन, तर म्हणे, "अरे तूच तर सरळ दाखवलं ना, मला तर हाच सरळ दिसून राहिला." बरोबर होतं त्यांचं, उभं राहून पाहिलं तर डावा फाटा रुंद आहे, तोच पुढे चालल्यासारखा वाटते. नंतर दोन्ही फाटे 45 चे केले, इंग्रजी वाय सारखे, आणि डाव्याची जाडी वाढवली. लांबी खोटी चालते, वळण खोटं चालते, पण चौकात कोणता रस्ता कुठल्या हाताला हे खोटं नाही चालत.

रस्त्यांना बॉर्डर द्यायची युक्ती: सगळे रस्ते एका लेयरमध्ये साध्या जाड रेषांनी काढा, तो लेयर डुप्लिकेट करून खाली टाका आणि खालच्या रेषा थोड्या जाड आणि गडद करा. चौकात रस्ते आपोआप एकमेकांत मिसळतात, रेषा मध्ये आडवी येत नाही. मी आधी प्रत्येक रस्त्याच्या दोन कडा वेगळ्या काढत बसलो होतो, ते आठवलं की हसू येते.

आयकॉन मी वरून दिसतात तसे काढले होते, फोटोत तसेच दिसतात म्हणून. कोणालाच ओळखू नाही आले. कल्याणेश्वराचं मंदिर वरून म्हणजे एक गोल आणि चौकोन, त्यापेक्षा रस्त्यावरून दिसणारा कळस काढला की पोरगंही ओळखते. गांधी गेटची कमान समोरून, तलाव मात्र वरूनच, कारण त्याचा चौकोनी आकारच त्याची ओळख. ए-थ्री कागदावर मोठे आयकॉन 12 मिलीमीटर, छोटे 7, सगळ्यांची रेष सारख्याच जाडीची. आयकॉन लहान-मोठा करताना रेषेची जाडीही बदलते, ते वर टूलबारमध्ये बंद करता येते, नाहीतर चित्र वेगवेगळ्या लोकांनी काढल्यासारखं दिसते. पानठेला, तर्री-पोह्याचा ठेला, पिठाची गिरणी या वारंवार येणाऱ्यांचे क्लोन केले (Alt+D), मूळ बदललं की सगळे बदलतात. हे फीचर बम कामाचं.

मराठी अक्षरांचं सांगतो. टाइप बरोबर होते, जोडाक्षरं तुटत नाहीत. पण अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, आणि वाकड्या रस्त्यावर मजकूर चढवला तर प्रत्येक अक्षर वेगळं वळते आणि डोक्यावरची रेष दातांसारखी दिसते. मी नावं सरळ रेषेतच ठेवली, हलक्या वळणावर फार तर दोन. प्रेसला देण्याआधी मजकुराचं Object to Path करा, मी पहिल्या प्रूफला नाही केलं तर त्यांच्याकडे फॉन्टच नव्हता, नावांच्या जागी चौकोन आले.

तक्रार एकच मोठी, रंग. माझ्या पीडीएफमध्ये रंग स्क्रीनचे, म्हणजे आरजीबी गेले, प्रेसची शाई वेगळी. स्क्रीनवरचा चकचकीत निळा तलाव प्रूफवर जांभळट-मळका आला. शेवटी प्रेसवाल्याच्या शेडकार्डवरून फिका निळा निवडला आणि तोच आकडा टाकला. रोजचं छपाईचं काम करणाऱ्याला हे जड जाईल, माझ्यासारख्याला वर्षातून एकदा चालते.

पाचशे कॉप्या छापल्या. गणपती उठून आठ दिवस नाही झाले तर कोपऱ्यावरचा पानठेला रस्त्याच्या पलीकडे गेला. फाईलमध्ये आयकॉन सरकवायला दहा सेकंद लागले, उरलेल्या दोनशे कॉप्यांवर मंडळाची पोरं पेनने बाण काढून राहिली.