गॉगल, वेल्डिंगची काच की कागदी चष्मा: ग्रहण कशातून बघायचं?

२ ऑगस्ट २०२७ ला खग्रास सूर्यग्रहण आहे. खग्रासचा पट्टा दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्तमधलं लक्सर असा जात सौदी अरेबियात शिरतो, म्हणजे जेद्दात राहणाऱ्या मराठी मंडळींना ते घराच्या गच्चीवरून दिसेल. आपल्याकडे महाराष्ट्रात दुपार कलल्यावर खंडग्रास, तेही पावसाळी ढगांनी वाट दिली तर. पण तयारी आत्तापासून सुरू झाली आहे. मागच्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी त्यांचा गॉगल घेऊन वर आल्या. "भाऊजी, पोलराइज्ड आहे, चांगल्या कंपनीचा. चालेल ना?" मागोमाग त्यांचा मुलगा २०१९ च्या ग्रहणातला कागदी चष्मा आणि ऑनलाइन मागवलेला एक नवा चष्मा घेऊन आला. दादांनी फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंगची काच आणून ठेवली होती, आणि आजींचं म्हणणं की परातीतल्या हळदीच्या पाण्यात बघितलं की झालं.

या सगळ्यांची तुलना एकाच मापाने करता येते: सूर्याच्या प्रकाशाचे एक लाख भाग केले, तर त्यातले किती भाग डोळ्यापर्यंत पोचतात? सूर्याकडे थेट बघण्याच्या चष्म्यांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १२३१२-२, त्याची दृश्य प्रकाशाची कमाल मर्यादा ०.००३२ टक्के आहे. म्हणजे लाखात साधारण तीन. अतिनील आणि अवरक्त किरणांनाही त्यात मर्यादा घातलेली आहे.

| वस्तू | लाखात किती प्रकाश येतो |
|---|---|
| नेहमीचा गडद गॉगल | सुमारे १०,००० |
| एकावर एक दोन गॉगल | सुमारे १,००० |
| परातीतलं पाणी, सूर्य डोक्यावर असताना | सुमारे २,००० |
| वेल्डिंगची काच, १० नंबर | सुमारे १४ |
| वेल्डिंगची काच, १२ नंबर | सुमारे २ |
| वेल्डिंगची काच, १४ नंबर | पावपेक्षा किंचित जास्त |
| मानकात बसणारा ग्रहणचष्मा | ३ किंवा कमी |

वहिनींचा गॉगल या हिशेबात कुठेच बसत नाही. गडद गॉगल आठ ते अठरा टक्के प्रकाश आत सोडतो, कारण तो रस्ता, माणसं आणि गाडीचा आरसा दिसावा म्हणूनच बनवलेला असतो. दहा टक्के धरले तरी मर्यादेच्या तीन हजार पट. दोन गॉगल एकावर एक घातले तर दहा टक्क्यांचे दहा टक्के, म्हणजे एक टक्का, तरीही तीनशे पट. लाखात तीनच्या खाली यायला पाच गॉगल लागतील, आणि तेव्हाही फक्त डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचा हिशेब जुळेल. गॉगलच्या रंगातून अवरक्त किरण किती जातात, हे त्या गडदपणावरून कळत नाही.

गॉगल नुसता अपुरा असता तर एक वेळ ठीक होतं, पण तो फसवतोही. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघितलं की डोळे आपोआप मिटतात, पाणी येतं, मान वळते. गॉगलमुळे ही टोचणी कमी होते, बाहुली थोडी मोठी होते आणि माणूस आरामात दहा-वीस सेकंद बघत राहतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे आत इजा होत असताना काहीच जाणवत नाही. काही तासांनी वाचायला घेतल्यावर अक्षरांच्या मधोमध एक डाग दिसतो. २०१७ च्या अमेरिकेतल्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी एका तरुणीच्या पडद्याचे फोटो वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. इजेचा डाग चंद्रकोरीच्या आकाराचा होता. तिने ज्या खंडित सूर्याकडे बघितलं, त्याचाच छाप पडद्यावर उमटला होता. खंडग्रासात प्रकाश कमी झालेला वाटतो, पण सूर्याची जी कोर उघडी असते तिचा प्रत्येक कण नेहमीइतकाच प्रखर असतो.

पोलराइज्डचं काय? काच पोलराइज्ड असली की रस्त्यावरची आणि पाण्यावरची चमक कमी होते. थेट सूर्याच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही.

आजींच्या परातीचा मुद्दा मला जास्त रंजक वाटला, कारण ती रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पाणी सरळ वरून पडलेल्या प्रकाशाचे दोनच टक्के परत फेकतं, म्हणून प्रतिबिंब सोसवतं. पण दोन टक्के म्हणजे लाखात दोन हजार, मर्यादेच्या सहाशे पट. शिवाय सूर्य जितका खाली, तितकं पाणी जास्त परावर्तन करतं. २०२७ च्या ग्रहणात आपल्याकडे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवर असेल, तेव्हा हे प्रमाण सहा टक्क्यांच्या घरात जातं. हळद घातल्याने तळ झाकला जातो, पण चकाकतो तो पाण्याचा पृष्ठभाग, आणि तो तसाच राहतो.

वेल्डिंगच्या काचेबद्दल लोक दोन टोकांना बोलतात: कुणी म्हणतं एकदम सुरक्षित, कुणी म्हणतं हात लावू नका. उत्तर काचेवर कोरलेल्या नंबरात आहे. १२ किंवा त्यावरचा नंबर चालतो, १४ नंबरातून हिरवट सूर्य डोळ्याला सुखावह दिसतो. अडचण अशी की फॅब्रिकेशनच्या कामाला साधारणपणे त्याहून फिकी काच पुरते, त्यामुळे दुकानात हाताला लागेल ती काच १० किंवा ११ असण्याची शक्यता जास्त. १० नंबर मर्यादेच्या चार-पाच पट प्रकाश सोडतो. दादांनी आणलेल्या काचेवर नंबरच नव्हता. बिननंबरी काळी काच ही नुसती काळी काच. ती परत केली.

एक्स-रेच्या फिल्मबद्दल फार बोलण्यासारखं नाही: हाड जिथे पांढरं दिसतं तिथे प्रकाश आरपार जातो, काळ्या भागातही सारखेपणा नसतो. काजळी धरलेली काच आणि सीडी यांचंही तेच.

आता उरले चष्मे. चांगले ग्रहणचष्मे दोन प्रकारच्या फिल्मचे असतात. एकात काळ्या पॉलिमरमध्ये कार्बन मिसळलेला असतो, त्यातून सूर्य पिवळा-नारिंगी दिसतो. दुसऱ्यात पातळ पॉलिएस्टरवर ॲल्युमिनियमचा थर असतो, त्यातून सूर्य पांढरट किंवा निळसर दिसतो. डोळ्यांच्या सुरक्षिततेत दोन्ही सारखे. मला घरच्या मुलांसाठी काळं पॉलिमर बरं वाटतं, कारण थर वरून चढवलेला नसतो, अंगातच असतो. हातात खेळवताना चंदेरी थराला बारीक ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे उघडी खिडकी.

चष्मा तपासायला आधी छपाई वाचा. आयएसओ १२३१२-२ हा आकडा हवा, शेवटी दोन. १२३१२-१ हे साध्या गॉगलचं मानक आहे आणि ते पॅकेटवर बघून लोक फसतात. सोबत बनवणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. पण छपाईवर विसंबू नका, आकडा कुणीही छापू शकतो. २०१७ च्या ग्रहणाआधी ॲमेझॉनला खात्री न पटलेल्या चष्म्यांचे पैसे ग्राहकांना परत करावे लागले होते. ओळखीच्या दुर्बीण-विक्रेत्याकडून किंवा खगोलप्रेमी मंडळाकडून घेतलेला चष्मा मी ऑनलाइनच्या स्वस्त पाकिटापेक्षा वर ठेवतो.

मग घरात डोळ्याला लावून बघा. ट्यूबलाइट, खिडकी, टेबल, काहीही दिसता कामा नये. मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरला तर एक मंद ठिपका दिसला तर चालेल. ट्यूबलाइटची पट्टी दिसली की तो चष्मा बाद. त्यानंतर खोलीत अंधार करून टॉर्चवर फिल्म धरा आणि समोरून इंच-इंच सरकवत बघा: कुठे पांढरा चमकता टिंब दिसतो का, घडीवर फिल्म कागदातून सुटली आहे का. हे सगळं पार पडल्यावरच बाहेर जाऊन क्षणभर सूर्याकडे बघायचं. सूर्य कडा स्पष्ट असलेली, पौर्णिमेच्या चंद्रासारखी शांत तबकडी दिसायला हवी, भोवतीचं आकाश काळं. डोळे दिपले किंवा सूर्याभोवती पसरट चमक दिसली, तर लगेच मान वळवा.

या घरगुती तपासणीला एक मर्यादा आहे: तिच्यातून दृश्य प्रकाशच कळतो. अवरक्त किरणांसाठी प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. म्हणून नापास झालेला चष्मा नक्की वाईट, पण पास झालेला तेवढ्यावरून चांगला ठरत नाही. त्यासाठी तो कुठून आला हे माहीत हवं.

वापरताना नंबरचा चष्मा डोळ्यांवर ठेवून त्यावर ग्रहणचष्मा लावायचा, आणि आधी मान खाली घालून मगच काढायचा. आपल्याकडे ते खंडग्रास असल्याने तो एक सेकंदही काढून बघायचा नाही. जेद्दातली मंडळी फक्त सूर्य पूर्ण झाकला गेल्यावर काढू शकतील. ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून बघायचं तर मुळीच नाही. भिंगाने एकवटलेला प्रकाश फिल्म जाळून डोळ्यात जातो. दुर्बिणीचा फिल्टर पुढच्या भिंगावर लागतो.

आजींना आणि चष्मा टिकवून न लावणाऱ्या धाकट्यांना मी चाळणी सुचवली. उन्हाकडे पाठ करून चाळणी धरायची आणि तिची सावली बघायची. छिद्र बारीक असेल तर दोन मीटर अंतरावरच्या भिंतीवर सूर्याची जेमतेम दोन सेंटिमीटरची प्रतिमा पडते, आणि ग्रहणात प्रत्येक छिद्राची एक कोर होते. छिद्रातून सूर्याकडे बघायचं नाही, एवढीच अट.

मुलाचा नवा चष्मा घरातल्या तपासणीत पास झाला, पण पाकिटावर बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, म्हणून तो बाजूला ठेवून दुसरा मागवायचं ठरलं. २०१९ चा चष्मा मानकाचा होता. काही चष्म्यांवर तीन वर्षांनी फेकून द्या असं छापलेलं असतं, पण या मानकाच्या चष्म्याची फिल्म धड असेल तर तो पुढेही चालतो, म्हणून त्याच्यावर आमची आशा होती. टॉर्चवर धरल्यावर घडीजवळ, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चमकला. वहिनींनी कात्री आणून तो चष्मा मधोमध कापला. नाहीतर परत त्याच ड्रॉवरमध्ये गेला असता.