भाव आधी, फोन आधी की साका आधी? आंब्याच्या लांब कॅप्शनची पहिली ओळ

माझ्या मावसभावाची पावसजवळ हापूसची बाग आहे. मार्च उजाडला की इन्स्टाग्रामवर टाकायचं कॅप्शन तो मला ‘जरा बघ’ म्हणून पाठवतो. यंदाची सुरुवात अशी होती: ‘नमस्कार मंडळी! उन्हाळ्याची चाहूल लागली की प्रत्येकाला ओढ लागते ती कोकणची आणि…’ फीडमध्ये फोटोखाली एवढंच दिसतं. पेटीचा भाव, गाडीचा वार, अढी कशी लावायची, आंबा आतून खराब म्हणजे साका निघाला तर काय, हे सगळं त्या तीन टिंबांच्या पलीकडे राहतं.

कॅप्शनला 2,200 कॅरेक्टरची मुभा आहे, पण ‘more’ यायच्या आधी साधारण दोन ओळीच दिसतात. इंग्रजीत हा हिशेब 125 कॅरेक्टरच्या आसपास सांगतात. मराठीत तो आकडा डोळे मिटून धरू नये. ‘पिकवलेली’ हा शब्द आपल्या लेखी पाच अक्षरांचा, संगणक मात्र काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या धरून आठ मोजतो; आणि वेलांट्या-मात्रांपैकी काही वरखाली बसतात, रुंदी खात नाहीत. त्यातून खात्याचं नावही त्याच पहिल्या ओळीत बसतं. लांबलचक नाव असेल तर अर्धी ओळ तिथेच गेली. म्हणून मी मोजत नाही. तेवढ्याच लांबीच्या नावाचं एक खासगी खातं काढून ठेवलंय; त्यावर आधी टाकून बघतो, तेही आईच्या फोनवर, कारण तिने अक्षरं मोठी करून ठेवली आहेत.

मराठीची आणखी एक गोची आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ तर त्याच्याही मागे. भावाच्या एका जुन्या कॅप्शनची दुसरी ओळ ‘आमच्या बागेतला एकही आंबा आम्ही कार्बाइड’ इथे तुटली होती. ‘लावून पिकवत नाही’ पलीकडे. (कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे तो काही मोठेपणा नव्हे, ही गोष्ट वेगळी.) तेव्हा सुरुवात कोणतीही निवडा, पहिलं वाक्य तुटायच्या आत संपलं पाहिजे. पाच-सात शब्दांचं असेल तर उत्तम.

आता निवड. एकाच पेटीसाठी आम्ही तीन सुरुवाती लिहिल्या. कॅप्शनचा बाकी मजकूर तिन्हींखाली तोच.

पहिली, भावाची: ‘5 डझनांची पेटी 3,200 रुपये, पुण्यात घरपोच. गाडी शनिवारी निघते.’

ही ओळ काम करते ती आधीच्या गिऱ्हाइकांवर. त्यांना चव ठाऊक आहे, फक्त ‘कधी आणि कितीला’ एवढंच हवं असतं. पुढचं कोणी उघडलं नाही तरी चालतं, कारण फोन येतो. पण नवख्या माणसाला ती घासाघिशीला बोलावते. त्याच्या कोपऱ्यावर कोणीतरी दोन हजारांत ‘रत्नागिरी’ म्हणून पेटी विकत असतोच, आणि भाव का वेगळा याचं उत्तर टिंबांमागे दडलेलं असतं. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, मोजक्या पेट्या उरल्यावर, मी डोळे झाकून हीच घेईन.

दुसरी, फोनची: ‘“अहो, हे तर सगळे हिरवेच आहेत!” पेटी उघडून काकूंचा फोन आला.’

हा फोन खरा होता. झाडावरून तयार पण कच्चा उतरवलेला आंबा पेंढ्याच्या अढीत पिकायला आठवडाभर किंवा त्याहून जास्त लागतो, हे शहरात नव्याने घेणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं. या सुरुवातीचा गुण हा की ती पुढच्या मजकुराला नैसर्गिकपणे दार उघडते: काकूंना काय सांगितलं, अढी कशी लावली, चौथ्या दिवशी काय दिसलं. भावाने आधी हाच प्रसंग ‘गेल्या वर्षीची गोष्ट. कोथरूडला राहणाऱ्या आमच्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक काकू…’ असा लिहिला होता. त्यात दोन ओळी संपेपर्यंत काकू पेटीजवळ पोचल्याच नव्हत्या. बोललेलं वाक्य पुढे आणलं आणि काम झालं. धोका एकच: वाचणाऱ्याला विक्रीचा वासच येत नाही. लोक हसतात, बहिणीला टॅग करतात आणि पेटी मागवायची असते हे विसरून पुढे जातात.

तिसरी, साक्याची: ‘साका निघाला तर आंबा बदलून देतो. बाहेरून तो आम्हालाही दिसत नाही.’

भाऊ घाबरला. ‘आपणच आपल्या मालात खोट काढायची?’ पण हापूस घेणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी सुरेख दिसणारा आंबा कापून आत तो पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर पाहिलेला असतो. पैसे देताना त्याच्या मनात तीच धाकधूक असते. ती दुकानदाराने आधी बोलून दाखवली की पुढचं वाचावंसं वाटतं: कसं बदलता, फोटो पाठवायचा का, किती दिवसांत? अर्थात, त्याचं उत्तर टिंबांच्या लगेच खाली हवं. आम्ही ते तिसऱ्याच ओळीत ठेवलं: कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवा, पुढच्या गाडीत तेवढे आंबे येतील. बदलून द्यायची तयारी नसेल तर या सुरुवातीच्या वाटेलाही जाऊ नये.

चौथी ‘हे वाचल्याशिवाय हापूस घेऊ नका!’ छापाची होती. ती मी लगेच खोडली. माहिती मुद्दाम दाबून ठेवणाऱ्या मथळ्यांना फेसबुकने 2016 पासून आणि ‘लाइक करा, मित्राला टॅग करा’ असल्या आर्जवांना 2017 च्या अखेरीपासून मागे ढकलायला घेतलं. पण माझं कारण साधं आहे: आत अढीचीच माहिती असेल तर एवढी बोंब मारून वाचणारा चिडतो.

एक अडचण तिन्ही सुरुवातींना सारखीच येऊ शकते. पेटी फुकट घेऊन किंवा पैसे घेऊन दुसरा कोणी तुमच्यासाठी पोस्ट टाकणार असेल, तर जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅस्की या संस्थेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे जाहिरातीचा उल्लेख पहिल्या दोन ओळींतच हवा; ‘more’ दाबल्यावर दिसला तर चालत नाही. म्हणजे ‘जाहिरात’ हा शब्द धरूनच ओळ बसवायची. साक्याची ओळ तेवढ्यात बसते, फोनची मोठ्या अक्षरांच्या फोनवर तुटते. स्वतःच्या बागेच्या खात्यावर मालकानेच टाकलं तर हा प्रश्न येत नाही.

कोणती चालली हे कळणार कसं? ‘more’ किती जणांनी दाबलं हे इन्स्टाग्राम दाखवत नाही. आम्ही कॅप्शनच्या अगदी शेवटी लिहिलं, ‘मेसेज करताना “अढी” असं लिहा, पिकवायची पद्धत पाठवतो.’ ज्याने तो शब्द लिहिला तो शेवटपर्यंत आला होता. उलट आत भाव स्पष्ट लिहिलेला असूनही खाली ‘प्राइस?’ची रांग लागली, तर फोटो आवडलाय पण कॅप्शन उघडलेलं नाही, असं धरायचं. तीन सुरुवाती तीन वेगवेगळ्या आठवड्यांत, पण त्याच वारी, त्याच वेळी टाकायच्या; फोटोही साधारण सारखाच, नाहीतर श्रेय आंब्याच्या रंगाला द्यायचं की ओळीला, हे ठरत नाही.

मला नवी गिऱ्हाइकं हवी असतील तर मी साक्यापासून सुरू करेन. भावाने मात्र पहिल्या गाडीला काकूंचा फोनच निवडला, कारण बदली आंबे पाठवायला दुसरी गाडी भरेल याची त्याला तेव्हा खात्री नव्हती. दुसरी गाडी भरल्यावर साका वर आला.