शेजारच्या केटररला ईमेल: कमिशन देऊ करावं की जोडमोहीम?

फोंड्यात आमचं फुलांचं दुकान, तीन दुकानं सोडून एक केटरर. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा त्यांच्याकडे चौकशा आधी येतात आणि फुलवाल्याची आठवण लोकांना शेवटच्या पंधरवड्यात होते. म्हणजे गरज माझी जास्त. ईमेल लिहिताना हे विसरलं की मजकूर बिघडतो.

माझा पहिला मसुदा असा होता: "तुमच्याकडून आलेल्या प्रत्येक सजावटीवर १० टक्के कमिशन देऊ." लिहायला सोपा, हिशोबही सरळ: २५,००० च्या सजावटीवर २,५००. पण केटररला पैशापेक्षा धास्ती वेगळी असते. मंडपात अबोली कोमेजली तर यजमान त्यालाच विचारणार, "हा फुलवाला तुम्हीच सांगितलात ना?" त्या धास्तीचं उत्तर या ईमेलमध्ये नव्हतं. तरी तो पाठवला, आणि "बघूया" एवढंच उत्तर आलं.

दुसरा मसुदा जोडमोहिमेचा: दोघांनी ५ टक्के सूट द्यायची. दिसायला बरोबरी, पण मांडून बघा. १५० पानं, ताट ३५० रुपये, म्हणजे ५२,५००; त्याची सूट २,६२५. माझी २५,००० वर १,२५०. दुप्पट तोटा त्याचा, तोही घट्ट नफ्याच्या धंद्यात. शिवाय जेवण आणि सजावट एकाच किमतीत, एकाच बिलावर घातली तर जीएसटीत तो मिश्र पुरवठा धरला जाऊ शकतो आणि सगळ्यावर जास्तीचा दर लागू शकतो. बाहेरच्या केटरिंगला साधारण ५ टक्के, सजावटीच्या सेवेला १८. पॅकेजच्या मोहात हे सहज निसटतं, म्हणून बिलं वेगळीच ठेवायची आणि आपल्या अकाउंटंटला आधी विचारायचं.

शेवटी पाठवलेला मजकूर:

"नमस्कार भाई,
तुळशीच्या लग्नापासून दीड महिना एक प्रयोग करूया का? तुमच्याकडे १०० पानांच्या वरचं लग्न किंवा मुंज ठरली, तर जेवणाच्या टेबलांची फुलं आमच्याकडून मोफत. सूट तुम्ही देऊ नका. कोटेशनसोबत आमचं कार्ड द्या, मंडपाची सजावट कोणाकडून ते यजमानांनी ठरवावं. बिलं वेगळी. फुलं जेवणाच्या दोन तास आधी आम्ही लावून देऊ. कोमेजली तर बदलून देण्याची जबाबदारी आमची. पहिल्या दोन समारंभांनंतर पटलं नाही तर तिथेच थांबू. बुधवारी चारला दुकानात येऊ का?"

एका समारंभाच्या टेबलांची फुलं मला साधारण ९०० ला पडतात, तेही झेंडू-शेवंती वापरली तर. जाई मागितली तर गणित कोलमडतं, म्हणून फुलांची नावं मी ईमेलमध्ये मुद्दाम घातली नाहीत. ती भेटीत सांगितली.

तुमच्याकडे चौकशा आधी येत असतील, म्हणजे तुम्हीच केटरर असाल, तर कमिशन मागणारा मसुदा चालेल. तेव्हा गरज समोरच्याची जास्त असते. फुलवाले असाल तर शेवटी पाठवलेल्या मजकुराचाच मार्ग घ्या. मात्र दोन तासांचं आश्वासन ऐन मुहूर्ताच्या दिवशी तीन लग्नं असताना पाळता येईल का, हे माणसं मोजून मगच लिहा.